पात्रतेचे वाक्य फोडताना

२८ जून २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय काढला आणि पुढच्या काही दिवसांत राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक अंगणवाडीच्या, सेतू केंद्राच्या आणि झेरॉक्सच्या दुकानासमोर एकच प्रश्न ऐकू येऊ लागला : “माझं बसतं का यात?” उत्तर शासन निर्णयात होतेच. फक्त ते वाचून आपल्यापुरता निकाल लावणे भल्याभल्यांना जमत नव्हते.

योजनेच्या पात्रतेच्या आणि अपात्रतेच्या सगळ्या अटी एका दमात सांगायच्या, तर वाक्य साधारण असे होते : महाराष्ट्राची रहिवासी असलेली, वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली व ६५ वर्षे पूर्ण न झालेली विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता किंवा निराधार महिला, तसेच कुटुंबातील केवळ एक अविवाहित महिला, जिचे स्वतःचे आधारशी जोडलेले बँक खाते आहे, जिच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपेक्षा जास्त नाही, जिच्या कुटुंबात कोणी आयकर भरत नाही, कोणी सरकारी विभाग, उपक्रम, मंडळ वा स्थानिक संस्थेत नियमित नोकरीत नाही किंवा निवृत्तिवेतन घेत नाही, कोणी आजी-माजी आमदार-खासदार नाही, कोणी सरकारी मंडळ वा महामंडळावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, संचालक अथवा सदस्य नाही, ट्रॅक्टर वगळून कोणाच्या नावावर चारचाकी नाही आणि जी स्वतः शासनाच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून दरमहा दीड हजार रुपये किंवा अधिक घेत नाही, ती पात्र.

वाक्य बरोबर आहे. त्यात खोटे काहीच नाही. पण ते प्रशासनाच्या सोयीने रचलेले आहे. अर्ज तपासणाऱ्याला सगळ्या अटी एका जागी हव्या असतात. अर्ज करणारीला मात्र एका वेळी एकच प्रश्न, तोही आपल्या घराबद्दलचा, आणि त्याचे उत्तर कोणत्या कागदावरून द्यायचे हे हवे असते. बचत गटाची सखी, ग्रामपंचायतीचा ऑपरेटर, महाविद्यालयातला राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक किंवा गावच्या व्हॉट्सॲप गटावर माहिती टाकणारा वार्ताहर, यांच्यापैकी कोणावरही हे वाक्य फोडून यादी करायची वेळ येते. पुढचे विवेचन त्यांच्यासाठी. या योजनेचे अर्ज १५ ऑक्टोबर २०२४ नंतर बंद झाले. तरी उदाहरण म्हणून तिच्याइतकी चांगली योजना सापडणे अवघड, कारण यादी करताना अडखळण्याच्या बहुतेक जागा तिच्यात एकत्र आल्या आहेत आणि त्यांचे परिणामही सगळ्यांनी पाहिले आहेत.

पहिले काम म्हणजे पेन्सिल घेऊन प्रत्येक अटीखाली ती कोणाबद्दल आहे ते लिहिणे. वय, वैवाहिक स्थिती, रहिवास, बँक खाते आणि दुसऱ्या योजनेचा लाभ या अटी स्वतः अर्जदार महिलेच्या आहेत. उत्पन्न, आयकर, नोकरी, राजकीय पद आणि वाहन या कुटुंबाच्या आहेत. एवढी विभागणी केली की वाक्याचा निम्मा गुंता सुटतो, पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. कुटुंब म्हणजे कोण? आपल्याकडे एका घरात सासू-सासरे, दोन दीर, जावा आणि एखादी आत्या राहते. त्यांतल्या कोणाचे उत्पन्न धरायचे, कोणाची गाडी मोजायची? योजनेच्या नंतरच्या शासन निर्णयात याचे उत्तर आले : कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले-मुली. ही व्याख्या यादीत सर्वांत वर, कुटुंबाबद्दलचा पहिला प्रश्न येण्याआधी लिहायला हवी. तळटीप म्हणून शेवटी दिली, तर तोवर वाचणारीने मोठ्या दिराच्या जीपमुळे स्वतःला बाद करून टाकलेले असते.

त्याहून चांगले म्हणजे यादीत व्याख्येऐवजी रिकाम्या जागाच ठेवाव्यात. “माझ्या कुटुंबात मी धरून ही माणसे : पती ......, अविवाहित मुलगे ......, अविवाहित मुली ......” असे एकदा नावानिशी भरले की पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तीच नावे डोळ्यांसमोर राहतात. अविवाहित मुलगी अर्ज करत असेल, तर तिच्यासाठी आई-वडील आणि अविवाहित भावंडे लिहायची जागा वेगळी हवी.

आता स्वल्पविरामांकडे वळू. मूळ वाक्यात स्वल्पविराम सगळीकडे सारखाच दिसतो, पण तो दोन निरनिराळी कामे करतो. ‘विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार’ यांतला स्वल्पविराम ‘यांपैकी कोणतीही एक’ असे सांगतो. उत्पन्न, आयकर, नोकरी, वाहन यांच्यामधला स्वल्पविराम ‘हे सगळे’ असे सांगतो. यादीत दोन्हींपुढे सारखेच चौकोन काढले तर वाचणारी गोंधळते : पाचपैकी एकाच चौकोनात टिक झाली, चार रिकामे राहिले, म्हणजे आपण नापास? यावर उपाय अगदी साधा आहे. पर्यायांना गोल आणि अटींना चौकोन द्यावा. गोलांच्या ओळीवर ‘यांपैकी एकावर खूण करा’ आणि चौकोनांच्या रांगेवर ‘या सगळ्यांवर खूण व्हायला हवी’ असे लिहावे.

याच ओळीत ‘तसेच कुटुंबातील केवळ एक अविवाहित महिला’ हा तुकडा आहे. तो सहावा पर्याय वाटतो आणि घाईत केलेल्या बहुतेक याद्यांमध्ये तो तसाच सहावा गोल म्हणून येतो. पण त्यात एक मोजणी दडलेली आहे. घरात लग्न न झालेल्या, एकवीस वर्षांपुढच्या दोन बहिणी असतील तर दोघींचीही वैयक्तिक पात्रता चोख असून लाभ एकीलाच. म्हणून ‘अविवाहित’ या गोलापुढे बाण काढून एक जादा प्रश्न हवा : “कुटुंबातल्या दुसऱ्या अविवाहित महिलेने या योजनेत अर्ज केला आहे का?” इतर पाच जणींना तो विचारायचा नाही. सगळ्यांसाठी छापलेल्या प्रश्नांत तो सरसकट घुसवला, तर विधवा बाईही नणंदेची चौकशी करत बसते.

सर्वांत मोठी अडचण मात्र ‘नाही’ या शब्दाची आहे.

अपात्रतेच्या अटी यादीत आणताना लोक त्या जशाच्या तशा प्रश्नात बदलतात : “कुटुंबात कोणी सरकारी नोकरीत नाही ना?” आणि पुढे दोन घरे काढतात, होय आणि नाही. ज्या घरात कोणीही सरकारी नोकरीत नाही, त्या घरची बाई काय उत्तर देईल? एक म्हणेल, “होय, नाही कोणी.” दुसरी म्हणेल, “नाही, कोणी नाही.” मराठी बोलण्यात दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिली प्रश्नातल्या विधानाला होकार देते, दुसरी वस्तुस्थिती सांगते. समोर माणूस असेल तर तो दोघींचेही समजून घेतो. कागद किंवा मोबाइलचा पडदा समजून घेत नाही.

हे नुसते तर्कट नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेची ई-केवायसी सुरू झाली. तिच्यात आधारची पडताळणी झाल्यावर एक विधान समोर येत होते; त्याचा आशय असा, की कुटुंबातील सदस्य सरकारी सेवेत नियमित कर्मचारी नाहीत किंवा निवृत्तिवेतन घेत नाहीत. त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ निवडायचे होते. विधानाला दुजोरा म्हणून ‘होय’ अपेक्षित होते. मनात ‘आमच्यात कुठे कोण नोकरीला’ असा विचार करून ‘नाही’ दाबणाऱ्या महिला नोंदीत सरकारी नोकरदाराच्या घरच्या ठरल्या. पुढे चुकीचा पर्याय निवडलेल्यांना दुरुस्तीची संधी द्यावी लागली आणि अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचे ठरले. एका नकारार्थी विधानाखाली दोन पर्याय ठेवले, म्हणून सेविकांना पुन्हा दारोदार जावे लागणार होते.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत आणि यादी करणाऱ्याने त्यांतला एक निवडून शेवटपर्यंत त्यालाच चिकटून राहावे. पहिला, प्रश्न सरळ ठेवायचा : “कुटुंबात कोणाच्या नावावर चारचाकी आहे का?” होय आले तर पुढे ‘थांबा, खालची सूट पाहा’, नाही आले तर ‘पुढे चला’. दुसरा मार्ग, प्रश्न विचारायचाच नाही. विधान लिहायचे आणि एकच चौकोन द्यायचा : “कुटुंबात कोणाच्याही नावावर चारचाकी नाही ☐”. हे विधान खरे असेल तर टिक, नसेल तर रिकामे. येथे ‘नाही’ असूनही घोटाळा होत नाही, कारण निवडायला दुसरे घरच नाही. नकार त्रास देतो तो ‘होय’ आणि ‘नाही’ची जोडी त्याच्या शेजारी आली की. टिक करायच्या यादीला दुसरा मार्ग अधिक सोयीचा पडतो, कारण मग संपूर्ण कागदाचा नियम एकच राहतो : सगळे चौकोन भरले तर अर्जाच्या तयारीला लागा. समोर बसून कोणी विचारणारे असेल, उदाहरणार्थ अंगणवाडी सेविका, तर पहिला मार्ग बरा. दोन्ही मिसळले की कागद वाया गेला म्हणून समजावे.

अटीच्या पोटातल्या सुटी हा पुढचा अवघड भाग. ‘ट्रॅक्टर वगळून चारचाकी’ ही सूट सोपी आहे, ती त्याच ओळीत, त्याच चौकोनाला लागून लिहावी : “ट्रॅक्टर सोडून दुसरे चारचाकी वाहन कुटुंबातल्या कोणाच्या नावावर नोंदलेले नाही.” यातला ‘नोंदलेले’ हा शब्द मात्र कधीही गाळू नये. जुनी व्हॅन दोन वर्षांपूर्वी विकली, पैसे मिळाले, गाडी दुसऱ्या तालुक्यात फिरते आहे, पण आरसी बुकावर नाव अजून नवऱ्याचेच, अशी घरे थोडीथोडकी नाहीत. बाई मनापासून टिक करते, आणि परिवहन विभागाच्या नोंदीशी ताडून पाहताना तिचे नाव बाहेर पडते. म्हणून या चौकोनाखाली बारीक अक्षरात “विकलेल्या गाडीचे नाव बदलून घेतले आहे का, हे आरसी बुकावर पाहा” एवढे असावेच.

नोकरीची अट मात्र एका चौकोनात मावत नाही. नियमित किंवा कायम कर्मचारी अपात्रतेत येतो, निवृत्तिवेतनधारकही येतो. पण बाह्य यंत्रणेमार्फत काम करणारे, स्वयंसेवी कामगार आणि कंत्राटी कर्मचारी यांचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर त्यांची घरे पात्र राहतात. म्हणजे येथे ‘कोणाकडे काम करता’ यापेक्षा ‘कोणत्या प्रकारच्या नेमणुकीवर’ हे महत्त्वाचे आहे. शिवाय लोकांच्या बोलण्यातली ‘सरकारी नोकरी’ आणि शासन निर्णयातली सरकारी नोकरी वेगळ्या आहेत. नवरा एस.टी. महामंडळात कायम वाहक असेल तर बाई सहज म्हणते, “सरकारी नाही हो, एसटीत आहेत.” नगरपालिकेचा कायम सफाई कामगार, जिल्हा परिषदेचा शिपाई, महावितरणचा तंत्रज्ञ, यांच्या घरीही असेच बोलतात. यादीत ‘उपक्रम, मंडळ, स्थानिक संस्था’ हे शब्द उतरवून भागत नाही. त्यांच्या जागी ही रोजची नावे लिहावी लागतात. चार-पाच ओळखीची उदाहरणे दिली की उरलेली वाचणारीला आपोआप उमगतात.

पैशांच्या आणि वयाच्या अटी आकड्यांत असल्यामुळे सोप्या वाटतात. त्या तशा नसतात, कारण प्रश्न नेहमी काठावरच्या माणसाचा असतो. ‘२१ पूर्ण ते ६५ पूर्ण होईपर्यंत’ हे वाचून बाई मनात वय मोजते, आणि गावात कित्येक जणी चालू वर्ष धरून वय सांगतात. त्यापेक्षा जन्मतारीखच द्यावी. समजा अर्ज १५ जुलै २०२४ रोजी भरायचा आहे, तर आधारवरची जन्मतारीख १५ जुलै २००३ किंवा त्याआधीची आणि १५ जुलै १९५९ नंतरची हवी. आता मोजायचे काही उरले नाही. कार्ड काढायचे आणि तारीख पाहायची. वरची मर्यादा पहिल्या शासन निर्णयात ६० वर्षे होती आणि ३ जुलै २०२४ च्या निर्णयाने ती ६५ झाली. त्याच वेळी पाच एकर जमिनीची अटही गेली. त्या पाच-सहा दिवसांत छापलेल्या आणि पुढे पाठवलेल्या याद्या महिनोन्‌महिने फिरत राहिल्या आणि बासष्ट वर्षांच्या किंवा सहा एकरवाल्या बायका घरी बसून राहिल्या. म्हणून यादीच्या माथ्यावर शासन निर्णयाची तारीख नसेल तर ती वाटू नये, आणि कोणाकडून आलेली असेल तर पुढे पाठवू नये.

दुसऱ्या योजनेच्या लाभाची अट हा काठावरच्या आकड्याचा उत्तम नमुना आहे. ‘दीड हजारांपेक्षा जास्त’ आणि ‘दीड हजार किंवा त्यापेक्षा जास्त’ यांत फरक दोन शब्दांचा, पण संजय गांधी निराधार योजनेत त्या काळी दरमहा नेमके दीड हजारच मिळत होते. पहिल्या शब्दरचनेने ती बाई आत येते, दुसरीने बाहेर जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने पाच लाख महिला अपात्र ठरल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांतल्या २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या आणि १ लाख १० हजार पासष्ट वर्षांवरच्या. तेव्हा यादी करताना ‘किंवा’, ‘पर्यंत’, ‘पेक्षा’ आणि ‘पूर्ण’ हे शब्द मूळ निर्णयातून जसेच्या तसे उचलावेत. बाकी भाषा हवी तितकी सोपी करावी, या चार शब्दांना हात लावू नये.

या अटीला नुसता चौकोनही पुरत नाही. पीएम-किसान आणि नमो शेतकरी महासन्मान या दोन योजनांतून वर्षाला सहा-सहा हजार, म्हणजे महिन्याला सरासरी एक हजार रुपये मिळतात. ज्या महिलेच्या स्वतःच्या नावावर हे पैसे येतात तिला लाडकी बहीण योजनेतून उरलेले पाचशे देण्यात आले. म्हणजे येथे ‘मिळतो’ आणि ‘मिळत नाही’ यांच्या मधली एक पायरी आहे. अशा जागी रक्कम लिहायची रेघ द्यावी : “मला स्वतःला दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला मिळणारी रक्कम : रु. ......”. ‘मला स्वतःला’ हे शब्द जाड ठशात असावेत. ही अट कुटुंबाची नाही, अर्जदाराची आहे, आणि नवऱ्याच्या खात्यावर येणारे पीएम-किसानचे पैसे या रेघेवर लिहायचे नाहीत.

यानंतर कागदपत्रे. अट आणि तिचा पुरावा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बहुतेक याद्यांमध्ये त्या एकमेकींत मिसळलेल्या सापडतात. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असणे ही अट. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हा तिचा पुरावा. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखल्याची गरज नाही, ही सूट पुराव्याला आहे, अटीला नाही. प्रत्येक अटीच्या समोर ‘कोणता कागद’ असा दुसरा रकाना काढला की हा घोळ मिटतो. रहिवासासाठी अधिवास प्रमाणपत्र नसेल, तर पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म दाखला यांपैकी कोणतेही एक चालेल, असे सांगितले गेले. येथे ‘पंधरा वर्षांपूर्वीचे’ हे विशेषण फक्त रेशनकार्डाला लागते की चारही कागदांना? वाक्य पुन्हा पुन्हा वाचून हे कळत नाही. अशा ठिकाणी यादी करणाऱ्याने आपल्या अकलेने निवाडा करू नये. कार्यालयात विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या ओळीपुढे ‘विचारून घ्या’ असे लिहून ठेवावे.

बँक खात्याच्या ओळीत दोन अटी एकत्र शिरलेल्या आहेत : खाते स्वतःचे हवे आणि ते आधारशी जोडलेले हवे. त्यांना दोन चौकोन द्यावेत. पासबुकावर एकटीचे नाव आहे का, हे घरी बसून कळते. आधारची जोडणी मात्र बँकेत किंवा आधारच्या संकेतस्थळावर तपासावी लागते, कारण थेट लाभाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर न जाता आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. कधीतरी उघडून विसरलेल्या खात्यात पैसे पडत राहिल्याची उदाहरणे या योजनेत गावोगाव निघाली.

आता ही यादी एखाद्या घरावर चालवून पाहू. समजा एक बाई आहे, वय चौतीस, विवाहित, दोन लहान मुले. नवरा नगरपालिकेत ठेकेदारामार्फत चालक, महिना चौदा हजार. ती स्वतः शिवणकामातून महिन्याला चार हजार मिळवते. थोड्या शेतीतून वर्षाला वीस हजार सुटतात. ट्रॅक्टर नवऱ्याच्या नावावर. सासरे निवृत्त शिक्षक, त्याच घरात राहतात, त्यांना निवृत्तिवेतन आहे. पीएम-किसान नवऱ्याच्या खात्यावर येते. रेशनकार्ड पांढरे.

मूळ वाक्य वाचून ही बाई बहुधा अर्जच करणार नाही. घरात निवृत्तिवेतन आहे, नवरा पालिकेत आहे, दारात चार चाकांचे वाहन उभे आहे आणि शेतकरी सन्मानाचे पैसेही येतात. चार ठिकाणी तिला आपण अडलो असे वाटेल. यादीवर मात्र चित्र बदलते. कुटुंबाच्या रिकाम्या जागांत नवरा आणि दोन मुले येतात. सासरे त्यात बसतच नाहीत, म्हणून त्यांचे निवृत्तिवेतन मोजायचे नाही. नवऱ्याची नेमणूक बाह्य यंत्रणेमार्फत. ट्रॅक्टर वगळलेला. सन्मानाचे पैसे तिच्या स्वतःच्या नावावर नाहीत. उत्पन्न : १,६८,००० अधिक ४८,००० अधिक २०,०००, म्हणजे २,३६,००० रुपये. सगळे चौकोन भरले. कार्ड पांढरे असल्याने उत्पन्नाचा दाखला तेवढा काढावा लागेल, हे दुसरा रकाना सांगतो.

याच घरात एकच गोष्ट बदलून पाहावी. नवऱ्याचा पगार साडेपंधरा हजार झाला, तर वर्षाचा आकडा २,५४,००० होतो आणि उत्पन्नाचा चौकोन रिकामा राहतो. यादी तपासायची खरी पद्धत हीच आहे. काठाच्या अलीकडचे एक घर, पलीकडचे एक आणि सूट लागू होणारे एक, अशी तीन काल्पनिक घरे घ्यावीत आणि ती आधी मूळ शासन निर्णयावर व नंतर यादीवर चालवावीत. दोन्हीकडे निकाल सारखा आला तर यादी बरोबर. कुठे फरक पडला तर त्या ओळीत काहीतरी गळले आहे. त्यानंतर शासन निर्णय न वाचलेल्या एखाद्या बाईच्या हातात कागद द्यावा आणि गप्प बसावे. ती जिथे मान वर करून विचारते, ती ओळ पुन्हा लिहायची.

तयार यादीचा एक तुकडा असा दिसेल :

शासन निर्णयाची तारीख : ............ अर्ज सुरू आहेत का : ............

माझे कुटुंब : पती ............ अविवाहित मुले-मुली ............

मी (यांपैकी एकावर खूण) : ○ विवाहित ○ विधवा ○ घटस्फोटित ○ परित्यक्ता ○ निराधार ○ अविवाहित → कुटुंबातल्या दुसऱ्या अविवाहित महिलेने अर्ज केलेला नाही ☐

☐ ट्रॅक्टर सोडून कोणाच्याही नावावर चारचाकी नोंदलेली नाही. (आरसी बुक पाहा.)

☐ कोणीही आयकर भरत नाही.

☐ कोणीही सरकारी खात्यात, एस.टी., महावितरण, पालिका किंवा जिल्हा परिषदेत कायम नोकरीत नाही आणि तिथले निवृत्तिवेतन घेत नाही. (कंत्राटी असल्यास वर्षाचे उत्पन्न २,५०,००० पर्यंत हवे.)

☐ सगळ्यांचे मिळून वर्षाचे उत्पन्न २,५०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. (कागद : पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड, नसल्यास तहसीलदाराचा दाखला.)

मला स्वतःला दुसऱ्या योजनेतून महिन्याला : रु. ............ (१,५०० किंवा जास्त असल्यास अर्ज करू नये.)

क्रम शासन निर्णयाचा नाही, हे लक्षात येईल. चारचाकी आणि आयकर वर आणले, कारण त्यांचे उत्तर क्षणात देता येते आणि ते अडले तर पुढचा खटाटोप वाचतो. उत्पन्नाची बेरीज करायला वेळ लागतो म्हणून ती नंतर. पैसे मोजून काढायची कागदपत्रे सर्वांत शेवटी, म्हणजे अपात्र बाई दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घालणार नाही.

यादीच्या तळाशी ‘आपण पात्र आहात’ असे मात्र छापू नये. तो निर्णय योजनेच्या यंत्रणेचा असतो आणि यादीने तसे वचन दिले तर उद्या भांडण यादी करणाऱ्याच्या दारात येते. ‘सगळ्या खुणा झाल्या तर अर्ज भरा; एकही चौकोन रिकामा राहिला किंवा शंका असली तर अंगणवाडी सेविकेला दाखवा’ एवढे पुरे. आणि शंभर प्रती काढण्याआधी पहिली प्रत तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दाखवून, त्यांनी सुचवलेली दुरुस्ती तारखेसह नोंदवून घ्यावी.